ऋणनिर्देशात आधी कोण?

दोन वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात एम.ए. अर्थशास्त्राच्या तोंडी परीक्षेला मी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. टेबलावर अकरा प्रबंधिका होत्या. त्यातली एक दूध संकलन केंद्रांवर, दुसरी विट्याकडून देशभर पसरलेल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई कारागिरांच्या स्थलांतरावर. विषय वेगळे, विद्यार्थी वेगळे, पण दोन्हींतला ऋणनिर्देश शब्दाला शब्द एकच. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, ग्रंथपाल, आणि त्यानंतर एक ओळ : ‘प्रयोगशाळा सहायकांचे मोलाचे सहकार्य लाभले.’ अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते. कुण्या एका वर्षी रसायनशास्त्राच्या कुणीतरी लिहिलेलं पान हातोहात फिरत इथवर आलं होतं, आणि प्रयोगशाळा सहायकाला वाटेत उतरवून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मी दोघांनाही त्याबद्दल काही विचारलं नाही. साम्य मोजणारं सॉफ्टवेअरही विचारत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार साम्य तपासताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळायचे असतात. त्यामागचं कारण रास्त आहे. त्याच संस्थेतली तीच नावं आणि आभाराचे ठराविक शब्द सगळीकडे येणारच, त्यावरून कुणाला चोर ठरवायचं? पण एकदा हे पान मोजायचं नाही म्हटल्यावर ते वाचायचंही नाही, असा अर्थ आम्ही शिक्षकांनी परस्पर काढून टाकला. गुणदान तक्त्यात त्याला गुण नाहीत. मार्गदर्शक स्वतःचं नाव बरोबर छापलंय का एवढं पाहतो. मीही कित्येक वर्षं तेवढंच पाहत आलो.

आता मला वाटतं की आम्ही चुकीच्या पानावर डोळेझाक करत होतो. मूळ माहितीवर उभ्या असलेल्या प्रबंधिकेत ती माहिती प्रत्यक्षात कशी मिळाली, हे सांगणाऱ्या फार थोड्या जागा असतात. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ‘यादृच्छिक नमुना निवड’ असे शब्द असतात. त्या निवडीसाठी शेडचं दार कुणी उघडून दिलं, चुकलेला प्रश्न कुणी दुरुस्त केला, आकडे कुणी ताडून पाहिले, हे ऋणनिर्देशातच येऊ शकतं. म्हणून त्यातला क्रम कामाच्या वजनानं लागला पाहिजे, हुद्द्याच्या उंचीनं नव्हे. आणि प्रत्येकाला मिळणारी जागाही त्याच मापानं मिळाली पाहिजे.

आज आपण हा क्रम घेतो तो लग्नपत्रिकेतून. आमच्या जिल्ह्यातली पत्रिका ज्यानं पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको. वर आशीर्वाद म्हणून आमदार, कारखान्याचे चेअरमन, सोसायटीचे चेअरमन, मग पाहुण्यांची रांग. त्यातले निम्मे अक्षता टाकायला येणार नाहीत हे छापणाऱ्यालाही माहीत असतं. आचाऱ्याचं आणि मांडववाल्याचं नाव पत्रिकेत नसतं. पत्रिकेचं कामच मान राखण्याचं आहे, तेव्हा तिथं त्यात काही गैर नाही. प्रबंधिकेनं नमुना घ्यायचाच तर तो देवळातल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवरून घ्यावा. तिथं मोठी रक्कम वर, छोटी खाली, सरळ हिशेब. अर्थात ती पाटीही अपुरीच असते. ज्यानं पायासाठी दगड वाहिले त्याच्यासाठी तिच्यावर रकाना नसतो, कारण ती एकाच जातीचं वजन ओळखते. प्रबंधिकेला वजनाच्या दोन-चार जाती ओळखाव्या लागतात.

त्या ओळखायच्या कशा, हे मला एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेनं शिकवलं. ती माझीच विद्यार्थिनी, म्हणजे इथं मी परीक्षक नव्हतो, मार्गदर्शक होतो. विषय होता तासगाव तालुक्यातल्या बेदाणा शेडवर काम करणाऱ्या महिलांची मजुरी. द्राक्षांचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात, शेडमधल्या जाळ्यांच्या रॅकवर पसरतात, साधारण दोन आठवड्यांत ते वाळतात. मग देठ वेगळे करणं, निवडणं, रंग आणि आकार पाहून प्रतवारी. यातलं निवडीचं बहुतेक काम बायका करतात. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, आणि शेवटच्या सत्राची प्रबंधिका द्यायची मे महिन्यात. म्हणजे माहिती गोळा करायला एकच उन्हाळा, चुकलं तर पुढच्या वर्षीपर्यंत दुरुस्ती नाही.

पहिल्या आठ प्रश्नावल्या भरून ती माझ्याकडे आली तेव्हा वैतागलेली होती. एकाच शेडवर, एकाच ओळीत बसून काम करणाऱ्या बायका रोजच्या मजुरीचे आकडे असे सांगत होत्या की एकीचा आकडा दुसरीच्या दुप्पट. ‘सर, बायका खरं सांगत नाहीत,’ असं ती म्हणाली. मी नमुना वाढवायचा सल्ला दिला. हा सल्ला चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे आम्हा दोघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

नवव्या बाईनं प्रश्न ऐकला आणि उलट विचारलं, ‘कुठल्या कामाची मजुरी? हजेरीची का अंगावरची?’ त्या शेडवर वाळवणीच्या दिवसांत हजेरी असे, म्हणजे दिवसाचा ठरलेला रोज. निवडीचं काम सुरू झालं की काही बायका ते अंगावर घेत, किलोवर. घरी लहान मूल असलेली बाई हजेरीवर राही, कारण हात सावकाश चालला तरी रोज बुडत नसे. सुटी आणि चपळ बाई अंगावर घेई आणि जास्त कमवी, पण माल नसला की रिकामी बसे. आमच्या प्रश्नावलीत रोजच्या मजुरीला एकच रकाना होता. बायका खोटं बोलत नव्हत्या, प्रश्नच दोन वेगवेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरत होता. मुलीनं त्या संध्याकाळी प्रश्नावली बदलली, आधीच्या आठ जणींकडे परत गेली आणि पुढचं सगळं सर्वेक्षण नव्या रकान्यांनी केलं. चौथं प्रकरण, म्हणजे प्रबंधिकेचा गाभा, त्या एका उलट प्रश्नावर उभं राहिलं.

आणि तरीही मे महिन्यात तिनं माझ्यासमोर ठेवलेल्या ऋणनिर्देशात पहिला परिच्छेद संस्थेच्या अध्यक्षांचा होता. त्यांना तिनं एकदा, स्नेहसंमेलनात, व्यासपीठावर पाहिलं होतं. दुसरा प्राचार्यांचा. तिसरा माझा, आठ ओळींचा, ‘अनमोल’ आणि ‘बहुमोल’ ही दोन्ही विशेषणं घेऊन. सगळ्यात शेवटी, ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या ओळीच्या अलीकडे, ‘तसेच माहिती देणाऱ्या महिलांचेही आभार’. त्या वाक्यातला ‘ही’ मला खुपला. माझ्या चुकीच्या सल्ल्याला आठ ओळी आणि दुरुस्ती करणारीला एक ‘ही’.

आम्ही एक साधं काम केलं. तिची सर्वेक्षणाची वही काढली आणि प्रकरणवार विचारत गेलो की, हा माणूस नसता तर या प्रकरणात नेमकं काय वेगळं झालं असतं? उत्तरात एखादं क्रियापद आणि एखादी वस्तू यायला हवी : तक्ता बदलला, गाव वगळलं, नोंद सुधारली. उत्तर ‘प्रेरणा मिळाली’ असं आलं तर ते नाव बाजूला ठेवायचं. ते खोडायचं नाही, फक्त बाजूला. वीस मिनिटांत पान पालटलं. अध्यक्षांच्या पुढं काहीच येईना. प्राचार्यांच्या पुढं एक गोष्ट आली, शेडमालकांसाठी दिलेलं परिचयपत्र, आणि ती खरी होती, कारण त्या पत्राशिवाय दोन शेडवर प्रवेश मिळाला नसता. धाकट्या भावाचं नाव पहिल्या मसुद्यात नव्हतंच. तो नऊ वेळा तिला मोटारसायकलवरून शेडवर घेऊन गेला होता आणि दिवसभर बाहेर झाडाखाली थांबला होता. एका वर्गमैत्रिणीनं सगळ्या प्रश्नावल्या आणि संगणकातल्या नोंदी ओळ न् ओळ ताडल्या होत्या, तिला अकरा चुका सापडल्या होत्या. ती पहिल्या मसुद्यात ‘मित्रपरिवार’ या शब्दात विरघळून गेली होती.

नवं पान शेवटी असं झालं :

‘या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती बेदाणा शेडवर काम करणाऱ्या एका महिलेनं सुचवली. मूळ प्रश्नावलीत मजुरीचा एकच रकाना होता. हजेरीचं काम आणि अंगावरचं काम वेगळं विचारल्याशिवाय उत्पन्न कळणार नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. चौथ्या प्रकरणाची मांडणी या दुरुस्तीवर आधारलेली आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही. त्यांच्यासह सेहेचाळीस महिलांनी जेवणाच्या सुट्टीतला वेळ मला दिला.

माझ्या मार्गदर्शकांनी विषय संपूर्ण बेदाणा उद्योगावरून मजुरीपुरता आणला आणि तिसरं प्रकरण दोनदा परत पाठवलं. माझ्या वर्गमैत्रिणीनं सर्व नोंदी मूळ प्रश्नावल्यांशी ताडल्या आणि अकरा चुका काढल्या. माझ्या भावानं मला प्रत्येक वेळी शेडवर नेलं आणि आणलं. प्राचार्यांच्या परिचयपत्रामुळे दोन शेडवर काम करता आलं. ग्रंथपालांनी जिल्ह्याच्या सामाजिक व आर्थिक समालोचनाचे जुने अंक शोधून दिले. टंकलेखन आणि बांधणी मोबदला देऊन करून घेतली आहे.

परीक्षेच्या वर्षात घरच्या कामातून आईनं मला मोकळं ठेवलं.’

मैत्रीण आणि भाऊ यांची नावं छापील पानात आहेत, माझंही आहे. इथं मी ती गाळली. या पानात स्तुतीचं एकही विशेषण नाही हे मला फार उशिरा जाणवलं. ‘सर्वांत महत्त्वाची’ हे एकच अपवाद म्हणता येईल, पण त्याचा पुरावा लगेच पुढच्या वाक्यात आहे. मनापासून लिहायचं म्हणजे शब्द गहिवरलेले हवेत, अशी समजूत दिसते. ‘शब्द अपुरे आहेत’, ‘ऋणातच राहू इच्छितो’, ‘त्यांच्याशिवाय हे शक्यच नव्हतं’ ही वाक्यं खोटी असतात असं मी म्हणत नाही, पण ती कुणालाही लागू पडतात. तपासायची युक्ती सोपी आहे. तुमचं पान शेजारच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेत लावून पाहा. फक्त नावं बदलून ते तिथं बसलं तर ते तुमचं नव्हतंच. ‘अकरा चुका काढल्या’ हे वाक्य दुसऱ्या प्रबंधिकेत नेता येत नाही.

या पानाच्या आधी एक प्रतिज्ञापत्र असतं. त्यात विद्यार्थी सही करून सांगतो की हे काम माझं स्वतःचं आहे. ऋणनिर्देश त्या सहीशी जुळला पाहिजे, आणि इथं गोष्ट आभाराच्या पलीकडे जाते. एकदा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेत काय-वर्ग ही संख्याशास्त्रातली कसोटी होती. मी विचारलं, स्वातंत्र्याच्या मात्रा किती घेतल्या? त्याला प्रश्नच कळला नाही. ऋणनिर्देशात एका गृहस्थांच्या ‘संगणकीय सहकार्या’बद्दल आभार होते. म्हणजे विश्लेषण त्या गृहस्थांनी केलं होतं आणि पोरगं फक्त पान चिकटवून मोकळं झालं होतं. त्यानं सरळ ‘कसोटी अमुक यांनी करून दिली’ असं लिहिलं असतं तर निदान खरं बोलल्याचं श्रेय मिळालं असतं. तरी प्रश्न सुटला नसता, कारण ज्या कामावर पदवी मिळते ते काम आभार मानून दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. आभाराला तेवढी ताकद नाही. तसंच छापील पुस्तकातून घेतलेली कल्पना संदर्भात जाते, लेखकाचे ऋणनिर्देशात आभार मानून भागत नाही. आणि जे काम पैसे देऊन करून घेतलं ते तसंच लिहावं. त्यात कमीपणा नाही, उलट परीक्षकाला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही.

आता नावाचा प्रश्न. खरा तिढा तिथंच पडला. त्या महिलेचं नाव पहिल्या ओळीत ठळक घालायचं, असं मुलीच्या मनात होतं. मलाही आधी ते आवडलं. मग लक्षात आलं की चौथ्या प्रकरणात त्याच शेडवर पुरुषांना आणि बायकांना हजेरी वेगवेगळी मिळते असं लिहिलं आहे, आणि हे कुणी सांगितलं असेल हे मालकाला ऋणनिर्देशातून दोन मिनिटांत कळलं असतं. कृतज्ञता म्हणून छापलेलं नाव पुढच्या हंगामात तिच्या पोटावर आलं असतं. नुसतं नाव गाळूनही भागत नाही. ‘तासगावजवळच्या अमुक गावच्या शेडवरील ज्येष्ठ मुकादमीण’ असं लिहिलं तर नावाची गरजच काय? त्या शेडवर मुकादमीण एकच असणार. म्हणून शेवटच्या मसुद्यात गाव नाही, वय नाही, हुद्दा नाही. फक्त तिनं केलेलं काम आहे.

हे आम्ही तिला विचारून केलं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची शिफारसच आहे की, ज्याचे आभार मानता त्याची लेखी संमती घ्या, कारण नाव वाचून लोक धरून चालतात की त्या माणसाला तुमचे निष्कर्ष मान्य आहेत. आमच्याकडे हा विचार कुणी करत नाही; आभार मानायला कसली परवानगी, असं वाटतं. मुलीनं फोन केला, परिच्छेद वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आलं, ‘नाव नगं घालू पोरी. पर हजेरीचं आन् अंगावरचं म्या सांगिटलं, त्ये लिव्ह.’ याच्याइतकी नेमकी संमती मी कुठल्याही छापील फॉर्मवर पाहिलेली नाही. तिला ओळख नको होती, श्रेय हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. तिची ही दुसरी दुरुस्ती.

मार्गदर्शकाबद्दल मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एक म्हणजे, मार्गदर्शन हे माझं नोकरीतलं काम आहे, त्याचा पगार मिळतो, तेव्हा आभार कशाला? दुसरं म्हणजे, सगळे मार्गदर्शक पगार घेतात, पण तिसरं प्रकरण दोनदा परत पाठवणारे सगळे नसतात. माझा कौल असा : मार्गदर्शकाचा उल्लेख असावा, पण त्यानं जे केलं तेवढ्याच मापाचा. त्यानं काही केलं नसेल तर एक ओळ पुरे, त्याची सही प्रमाणपत्रावर आहेच. राग काढायची मात्र ही जागा नव्हे. ‘मार्गदर्शक उपलब्ध नसल्याने मी स्वावलंबी झालो’ असं एकानं लिहिलेलं मी वाचलंय. हसू आलं, पण ते पान त्या विद्यार्थ्याच्या नावावर ग्रंथालयात कायमचं राहणार आहे.

घरच्यांचं स्थान कुठं, यावर माझं आणि आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, वजनच पाहायचं तर आई-वडील पहिले. मी म्हणतो, आईवडिलांनी मुलीला घडवलं, प्रबंधिकेला नव्हे. दोन्ही वजनं एकाच काट्यावर घातली तर प्रत्येक प्रबंधिकेत पहिला परिच्छेद सारखाच येईल आणि पुन्हा तेच फिरतं पान तयार होईल. म्हणून प्रबंधिकेचे सहायक आधी, वजनाच्या क्रमानं. आणि ज्यांनी माणसाला उभं ठेवलं ते शेवटच्या वेगळ्या परिच्छेदात. शेवटची जागा कमीपणाची नसते. आपल्या सभांत अध्यक्ष शेवटीच बोलतो. भाऊ मात्र वर गेला, कारण त्यानं केलेलं काम सर्वेक्षणाचं होतं, भावाचं नव्हतं.

ही रेषा ओढताना माझा स्वतःचा जुना लघुप्रबंध आठवतो. त्यात संस्थाचालकांना चार ओळी आहेत. माझ्या बायकोनं रात्री जेवणं उरकल्यावर एकशे चाळीस प्रश्नावल्यांचं कोष्टकीकरण आलेखकागदावर हातानं केलं होतं, बेरजा दोनदा पडताळल्या होत्या. छापलं काय, तर ‘पत्नीचे सहकार्य लाभले’. नावही नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले प्राध्यापक ब्रूस होल्सिंगर यांनी जुन्या विद्वानांच्या पुस्तकांतली अशी वाक्यं ट्विटरवर #ThanksForTyping या खुणेखाली जमा केली. पत्नीनं हस्तलिखित टंकित केलं, तपासलं, सूची केली आणि आभारात ती नुसती ‘माझी पत्नी’. ती उदाहरणं वाचताना मी हसलो नाही. घरातलं माणूस म्हणून तिला शेवटच्या परिच्छेदात ढकललं होतं, आणि तिचं काम खरं तर पहिल्या परिच्छेदाचं होतं.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप येतो तो व्यवहाराचा. विद्यार्थी म्हणतात, सर, वरिष्ठांची नावं वर नसली तर वाईट दिसेल, तोंडी परीक्षेत गुण कापतील. ही भीती मी पोकळ म्हणणार नाही. छोट्या गावात संस्था, प्राचार्य, नोकरीची जाहिरात आणि मुलाखतीची समिती ही सगळी एकाच घरातल्या खोल्यांसारखी असतात, हे मला माहीत आहे. पण जरा प्रबंधिका उघडून पाहा. मुखपृष्ठावर संस्थेचं आणि महाविद्यालयाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. प्रमाणपत्रावर प्राचार्यांची आणि विभागप्रमुखांची सही आहे, शिक्का आहे. मान तिथं पूर्ण राखला गेलेला आहे, आणि तोही ऋणनिर्देशाच्या आधी. मग तोच मान पुन्हा इथं, दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसून, कशाला घ्यायचा? अध्यक्षांनी खरंच काही केलं असेल, म्हणजे सर्वेक्षणाचा प्रवासखर्च मंजूर केला असेल किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्रंथालय उघडं ठेवायला लावलं असेल, तर ते लिहावं, आणि तेवढंच लिहावं. असं एक खरं वाक्य त्यांनाही चार पोकळ ओळींपेक्षा आवडेल, असा माझा अंदाज आहे. निदान सुज्ञ असतील त्यांना.

माझी मागणी महाविद्यालयांकडे आहे. नव्या अभ्यासक्रमात पदव्युत्तर विद्यार्थ्याला तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प करावा लागतो, म्हणजे ही पानं आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लिहिली जाणार. विभागातून वाटल्या जाणाऱ्या मार्गदर्शिकेतला ‘नमुना ऋणनिर्देश’ काढून टाका. चोरीची सुरुवात तिथूनच होते, आणि ती आम्हीच हातात देतो. त्याऐवजी पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या वहीत एक रकाना पाडायला सांगा : तारीख, माणूस, त्यानं काय केलं, नाव छापलेलं चालेल का. बांधणीच्या आदल्या रात्री आठवून लिहिलं की मोठी नावं आठवतात आणि छोटी कामं विसरतात. त्या मुलीचा भाऊ असाच राहून गेला होता. आणि तोंडी परीक्षेत परीक्षकानं या पानावर एक तरी प्रश्न विचारावा. मी आता विचारतो. ‘या बाईंनी नक्की काय बदललं?’ असं विचारलं की विद्यार्थ्याला पद्धतीचं प्रकरण पाठ नसलं तरी हे सांगता येतं, आणि त्यावरून त्यानं गावात पाऊल टाकलं होतं का नाही, ते कळतं.

निकाल लागल्यावर ती मुलगी एक प्रत घेऊन शेडवर गेली. हंगाम संपलेला, पण ती बाई गोदामात पेट्या लावायच्या कामावर होती. मुलीनं तिला पहिला परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आन् आमच्या आक्काचं? दोन सालामागं शेड सोडून गेली ती. हजेरी न् अंगावरचं येगळं धरायचं, ह्ये मला तिनंच पयल्यांदा शिकवलं.’ मुलीनं तिथंच बसून तिच्यासमोर त्या परिच्छेदाखाली पेननं एक ओळ वाढवली आणि ती प्रत तिलाच देऊन आली. ग्रंथालयातली प्रत त्याआधीच जमा झाली होती, तिच्यात ती ओळ नाही.